दोन बोटं ढिलं स्टिअरिंग

देवळाली कॅम्पात निवृत्ती गायधनींना सगळे तात्या म्हणायचे, आणि त्यांच्या दारातल्या छोट्या पांढऱ्या गाडीला तात्यांची गाडी. घरात मुलगा ललित होता, सून तृप्ती होती, दोघांकडे लायसन्स होतं. पण ती गाडी घरची आहे असं कुणी चुकूनही म्हणत नसे. ललित मोटरसायकलवर ऑफिसला जायचा, तृप्ती शेअर रिक्षाने, आणि गाडीची किल्ली तात्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात, पेनाशेजारी.

याला कारण होतं. तात्या तोफखान्यात ड्रायव्हर होते. तोफा ओढणारे ट्रक चालवण्यात त्यांची उमर गेली. तिथला रिवाज असा, की गाडी ज्याच्या नावावर, स्टिअरिंगला हात त्याचाच. साहेब आला तरी शेजारी बसणार. तात्या हवालदार होऊन घरी आले, तोफखाना मागे राहिला, पण रिवाज तेवढा त्यांच्याबरोबर घरी आला. गाडी घेऊन अकरा वर्षं झाली आणि तेवढ्या काळात तिच्या स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. सर्व्हिसिंगसुद्धा ते घरीच करायचे. मेकॅनिक म्हणजे चांगला पार्ट काढून वाईट घालणारा माणूस, अशी त्यांची खात्री होती.

आणि आज ते हीच गाडी विकायला बसले होते.

झालं होतं असं. पावसाळ्यानंतर एके दिवशी तात्या तृप्तीला आणि नात मुक्ताला घेऊन नाशिकला चालले होते. द्वारकेच्या चौकात पुढची बस अचानक थांबली. तात्यांनी ब्रेक दाबला, आणि गाडी डावीकडे गेली. शेजारी भरलेली रिक्षा होती. आरसा तिच्या पत्र्याला घासला, एवढ्यावर निभावलं. रिक्षावाल्याने खाली उतरून तात्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि एकच म्हणाला, "बाबा, आता घरी बसा की."

तात्यांनी आयुष्यात खूप शिव्या खाल्ल्या होत्या, पण हे वाक्य त्यांच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून तृप्ती गाडीत बसली, की दारावरची दांडी घट्ट धरून बसायची. मग हळूहळू बसायचीच बंद झाली, आणि मुक्ताला शाळेत सोडायचं काम ललितच्या मोटरसायकलकडे गेलं. कुणी भांडलं नाही. एका संध्याकाळी ललितने जेवताना फक्त म्हटलं, "बाबा, गाडी काढून टाकू या का? तुम्हाला पण दगदग होते."

तात्या लगेच हो म्हणाले. ललितला वाटलं होतं, आकाशपाताळ एक करतील. तो बघतच राहिला. त्याला काय माहीत, की गेले कितीतरी महिने तात्या स्वतःच्याच हातांवर पाळत ठेवून होते. सरळ रस्त्यावरसुद्धा आपले हात स्वस्थ बसत नाहीत, थोडं इकडे, थोडं तिकडे, सारखी चुळबुळ चालते, हे त्यांनी पाहिलं होतं. डोंगरात, बर्फात, एका बाजूला दरी असताना ज्यांनी ट्रक सुतासारखा नेला, ते हे हात! द्वारकेला आपण स्टिअरिंग फिरवलं का ते आपोआप फिरलं, हे त्यांना छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं. आणि ज्याला हे सांगता येत नाही त्याने गाडी चालवू नये, हे त्यांनी स्वतःच कितीतरी पोरांना शिकवलं होतं. तेव्हा गाडी जाणं बरोबरच होतं. फक्त ते बरोबर असल्याने दुखायचं काही कमी होत नव्हतं.

गिऱ्हाईक आलं ते सायखेड्याच्या शाळेतल्या बाईंचं. हर्षाली त्यांचं नाव. नाशिकरोडहून रोज सायखेड्याला बसने जाऊन त्या कंटाळल्या होत्या. बाई हुशार, एकट्या आल्या नाहीत. द्वारकेजवळ गॅरेज असलेल्या कादरला बरोबर घेऊन आल्या. कादर पन्नाशीचा, अंगाने आडवा आणि तोंडाने अखंड चालू. गाडीतली खोट काढायची, हेच त्याचं आजचं काम. ते त्याने लपवलं नाही.

"काका, मी बाईंच्या बाजूचा माणूस हाये," दारात चप्पल काढतानाच तो म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नका. गाडी चांगली निघाली तर चांगली बोलणार, खराब निघाली तर खराब."

"बघा की. लोण्यासारखी गाडी आहे," तात्या म्हणाले. विकायला काढली म्हणून तिची अब्रू काढू द्यायची, हे काही त्यांना जमणारं नव्हतं.

कादर गाडीभोवती फिरला. रंग बघितला नाही, सीट बघितली नाही. सरळ पुढच्या डाव्या चाकाशी उकिडवा बसला आणि टायरवरून तळवा फिरवला, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने हात गुळगुळीत जात होता, उलट्या दिशेने रबराचे दातरे लागत होते. आतली कडही जास्त झिजली होती.

"अलाइनमेंट कधी केली?"

"या वर्षात दोनदा."

"आणि दोन्ही वेळेला थोड्या दिवसांत परत ओढायला लागली. बरोबर?"

तात्यांनी चमकून बघितलं. बरोबर होतं. ओढते म्हणून ते परत गेले होते, तेव्हा तिथला कारागीर म्हणाला होता, खालचे रबरी बुश एकदा बघून घ्या. तात्यांनी ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं. पार्ट खपवायची वाक्यं त्यांना पाठ होती.

"चाकं सरळ करून इंजिन चालू करा," कादरने ललितला सांगितलं, पण किल्ली तात्यांनी लावली. कादर बाहेर उभा राहिला, खिडकीतून हात घालून दोन बोटांनी स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवू लागला. नजर मात्र खाली, उजव्या टायरवर. स्टिअरिंग हलत होतं, टायर हलत नव्हता. अजून थोडं हलवलं, तेव्हा कुठे टायरने मान वळवली.

"दोन बोटं ढिलं आहे," तो म्हणाला.

"तेवढा प्ले असतोच," तात्या म्हणाले. "आमच्या ट्रकला वीतभर असायचा."

"ट्रकला असेल काका. ट्रकचं स्टिअरिंगच वेगळं. या गाडीला नखाएवढा चालतो. एवढा नाय."

हर्षालीबाईंनी हे मनात टिपून घेतल्यासारखी मान हलवली. ललित जरा अस्वस्थ झाला. सौदा फिसकटतो की काय, ही त्याची काळजी. तात्यांची काळजी वेगळीच होती. आता चालवून बघायची वेळ आली होती, आणि तिऱ्हाइतांसमोर आपले हात दिसणार होते.

"मी चालवतो," ते म्हणाले. "रस्ता माझ्या माहितीचा आहे."

"चालवा ना! मला तर आधी शेजारीच बसायचं," कादर म्हणाला. "फक्त रेडिओ बंद, पंखा बंद आणि चारी काचा खाली."

ललित आणि हर्षालीबाई मागे बसले. गाडी लॅम रोडला लागली. तात्या नेहमीचा रस्ता घेऊ लागले, तो गुळगुळीत. कादरने दोनच मिनिटांत त्यांना भगूरच्या अंगाच्या, ठिगळं पडलेल्या रस्त्यावर घ्यायला लावलं. "चांगल्या रस्त्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या असतात," तो म्हणाला. मग स्पीडब्रेकर आला, तर म्हणे एकदम नका चढवू, तिरकं घ्या, आधी एक चाक, मग दुसरं, आणि अगदी सावकाश.

डावं चाक उतरताना खालून आवाज आला. खट.

"ऐकलं?" कादरने विचारलं.

तात्यांनी काही ऐकलं नव्हतं. तोफांनी त्यांचे कान अर्धे नेले होते. माणसांचं बोलणं समजायचं, पण बारीकसारीक आवाज त्यांच्यासाठी जगातून केव्हाच उठून गेले होते. मागून ललित म्हणाला, "तो आवाज ना? तो तर येतोच नेहमी. मागच्या दिवाळीपासून येतो."

"मग मला सांगितलं का नाही?" तात्यांनी आरशातून विचारलं.

"मला वाटलं, तुम्हाला येतोय ऐकू. गाडी तुमची."

पुढे मोकळा रस्ता लागला. तात्या सरळ बघत होते, आणि कादर त्यांच्या हातांकडे. हे तात्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून सुटलं नाही. त्यांनी हात स्थिर ठेवायचा प्रयत्न केला. ठेवले, तर गाडी हळूच डावीकडे निघाली. सावरली, तर जास्त उजवीकडे. परत सावरली. आता हा माणूस बाईंसमोर म्हणणार, काका, वय झालं.

"थांबवा काका," कादर म्हणाला. "आता मी चालवतो."

गाडी कडेला थांबली. तात्यांचे हात स्टिअरिंगवरून निघेनात. मागून ललित हलक्या आवाजात "बाबा" म्हणाला, तसे ते निघाले. ते उतरले, बॉनेटला वळसा घालून डाव्या बाजूला आले आणि स्वतःच्या गाडीत, अकरा वर्षांत पहिल्यांदा, शेजारच्या सीटवर बसले. इकडून गाडी परक्याची वाटत होती. दारावर एक दांडी आहे, तीही त्यांना आजच नीट दिसली. दांडीचं प्लास्टिक धरून धरून चकचकीत झालं होतं.

कादरने सीट मागे सरकवली आणि निघाला. आधी पुढे जाऊन कचकन ब्रेक, मग रिव्हर्स घेऊन कचकन ब्रेक. दर वेळी पायाखालून टक असा धक्का आला. आवाज नाही, पण धक्का तात्यांच्या तळव्यांना कळला. मग आरशात मागचा रस्ता मोकळा बघून त्याने वेग धरला, आणि हात सैल ठेवून ब्रेक दाबला. गाडी सरळ डावीकडे गेली.

तात्यांनी डोळे मिटले. तीच ओढ होती, द्वारकेची. अगदी तीच, तसूभरही फरक नाही.

डोळे उघडले तर कादर पुन्हा सरळ चालवत होता, आणि त्याचे हात हलत होते. थोडं इकडे, थोडं तिकडे. जाड, काळपट, अर्ध्या शहराच्या गाड्या चालवलेले हात, आणि त्यांची तीच चुळबुळ जी तात्या कित्येक महिने शरमेने बघत आले होते.

"तुमचे हात असे का हलतात?" तात्यांनी विचारलं. आवाज जरा चिरका निघाला.

"मी कुठं हलवतो काका? गाडी हलवते." कादर बोलता बोलता सावरतच होता. "खालचं चाक आपल्या मर्जीने इकडेतिकडे जातं, मी त्याला परत आणतो. नाय आणलं तर नाल्यात जाऊ. तुम्ही पण तेच करत होता ना. सच सांगू, तुम्ही माझ्यापेक्षा बारीक सावरत होता. मी म्हटलं, हा माणूस जुना ड्रायव्हर हाये, नायतर ही गाडी कधीच ठोकली असती."

खिडकीबाहेर बाभळी जात होत्या, त्यांच्याकडे तात्या बघत राहिले. त्यांना एकाच वेळी आनंद झाला होता आणि भयंकर राग आला होता. राग कुणाचा ते मात्र ठरत नव्हतं.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "जरा थांबवा. ललित, तू ये पुढे."

"मी?"

"लायसन्स आहे ना तुझ्याकडे? मग चालव."

कादर मागे गेला, ललित बिचकतच स्टिअरिंगवर बसला, आणि तात्या तिथेच शेजारी. वेग फार नव्हता, पण समोरून लष्कराचा एक ट्रक आला, ललितने सवयीने जरासा ब्रेक लावला, आणि गाडी डावीकडच्या मातीत उतरली. दगडगोटे खडखडले. कशीबशी त्याने ती वर घेतली. कपाळावर घाम आला होता.

"बाबा, ही तर आपोआप जाते!"

"हो," तात्या म्हणाले.

"तुम्ही ही अशी चालवत होता? मुक्ताला घेऊन?"

"हो," तात्या पुन्हा म्हणाले, आणि त्यांनी मान वळवून मागच्या सीटकडे बघितलं. इतका वेळ ते आपल्या हातांचाच विचार करत होते. मागे कोण बसायचं, हा विचार आत्ता आला.

घरी आल्यावर कादरने जॅक लावला, अंगणातल्या फरशीवर गाडीची डावी बाजू उचलली, खाली भक्कम स्टँड सरकवला आणि मगच चाकाला हात घातला. आवाज ऐकून तृप्ती पदराला हात पुसत बाहेर आली. कादरने चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवलं. चाक हललं.

"भाऊ, ब्रेक दाबून धरा," तो ललितला म्हणाला. ललितने दाबला. चाक तरीही तसंच हललं. "ब्रेक दाबल्यावर हलायचं थांबलं असतं तर बेअरिंग म्हटलं असतं. हे थांबलं नाय. म्हणजे बॉल जॉइंट." त्याने टॉमी, म्हणजे गॅरेजातली ती लांब लोखंडी सळई, आत घातली आणि चाकाच्या खालच्या सांध्यावर जोर दिला. लोखंडी गोळा आपल्या वाटीत वरखाली झाला, सगळ्यांना दिसेल इतका. वरचं रबरी टोपण फाटलेलं, आतलं ग्रीस केव्हाच वाहून गेलेलं आणि त्या जागी चिखल वाळलेला.

"हा निसटला असता तर?" हर्षालीबाईंनी विचारलं.

"चाक आडवं झालं असतं. गाडी जिथं असेल तिथं बसली असती, मग मागून ट्रक येवो नाहीतर काय."

तृप्तीने नकळत घराच्या दाराकडे बघितलं. मुक्ता आत टीव्ही बघत होती.

"मीपण चाक हलवून बघायचो," तात्या म्हणाले. "थोडं हलायचं, पण ट्रकच्या मानाने काहीच नाही. ग्रीस भरावं म्हटलं, तर निपलच नाही कुठे."

"या गाड्यांना नसतंच काका. कंपनीतून बंद होऊन येतो जॉइंट. टोपण फाटलं की संपला."

मग त्याने टॉमी आणखी मागे, चाकाला धरून ठेवणाऱ्या आडव्या लोखंडी हाताच्या मुळाशी घातली. तिथे रबराचा बुश असतो. टॉमीने तो लोखंडी हात पुढेमागे अगदी सहज सरकला. कादर आत वाकला, बोटाने ते रबर दाबलं आणि बोट नाकाशी नेलं.

"याच्यावर डिझेल कुणी मारलं?"

तात्यांचे कान कमी असले तरी हा प्रश्न त्यांना स्पष्ट ऐकू आला.

"मी," ते म्हणाले. "दर पावसाळ्यानंतर मारतो. खालून सगळीकडे. डिझेल आणि जुनं ऑइल. गंज लागत नाही."

"गंज नाय लागला, हे खरं. पत्रा नवा कोरा आहे, मी आल्या आल्या बघितलं." कादरने बोट चिंधीला पुसलं. "पण डिझेल रबराला खातं काका. फुगवतं, मऊ करतं. बघा, हलवा झालाय. हा बुश ब्रेक लावला की मागे सरकतो, चाक तिरकं होतं आणि गाडी डावीकडे जाते. एवढंच आहे सगळं."

एवढंच होतं सगळं. ज्या दिवशी तात्या बनियनवर गाडीखाली आडवे होऊन पंपाने फवारा मारायचे, तो त्यांच्या वर्षातला सगळ्यात आवडता दिवस. लेकराला तेल लावावं तसं ते गाडीला डिझेल लावत आले होते. त्यांचे हात चांगलेच होते. चुकली होती ती माया.

उजव्या बाजूचं उरलं होतं. गाडी खाली घेऊन कादरने ललितला इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग भराभर डावी-उजवी हलवायला सांगितलं आणि स्वतः उजव्या चाकामागे हात घातला. "या काका, तुम्ही बघा. बोट इथं ठेवा." तात्या गुडघा धरत खाली बसले आणि बोट ठेवलं. स्टिअरिंगचा दांडा चाकाला जिथे मिळतो तो टाय रॉडचा सांधा, दर झटक्याला बोटाखाली टिकटिक उडत होता. कानांनी जे कधी कळलं नसतं ते बोटाला लगेच कळलं.

"हे तुमचं दोन बोटं ढिलं," कादर म्हणाला.

हर्षालीबाई सभ्य होत्या. त्यांनी नाक मुरडलं नाही, भाव पाडायला बसल्या नाहीत. "काका, इंजिन छान आहे, पण मला रोज सायखेड्याच्या रस्त्याला जायचंय. सगळं नीट करून विकणार असाल तर मला फोन करा," एवढं म्हणून त्या निघाल्या.

"बाई, थांबा जरा," तात्या म्हणाले. मग ललितकडे वळले. "तुला आता काय वाटतं? विकायची?"

हा प्रश्न गाडीचा नव्हता, हे ललितलाही कळलं. त्याने तृप्तीकडे बघितलं. तृप्ती जमिनीकडे बघत होती.

"द्वारकेला तुम्ही वळवली नव्हती?" तिने शेवटी विचारलं.

"मला माहीत नव्हतं पोरी. आज कळलं."

"मला पण तो खट आवाज यायचा बाबा. मला वाटलं, जुनी गाडी, चालायचंच. मी उगाच तुमच्या..." तिचे डोळे भरून आले.

"उगाच नाही," तात्या म्हणाले. "तू दांडी धरलीस ते बरोबरच केलंस. गाडी खरंच धोक्याची होती. किल्ली मी खिशात ठेवली, तेवढं चुकलं. ललितला एकदा दिली असती, तर मागच्या दिवाळीलाच कळलं असतं." मग ते कादरकडे वळले. "आज घेऊन जाता? पण चालवत नेऊ नका."

"काका, मला मरायची घाई नाय. दुपारी टोइंगवाल्याला पाठवतो," कादर म्हणाला आणि पहिल्यांदा गडगडून हसला. "बाई, मला म्हणू नका हं, तुमचा सौदा मोडून स्वतःचं काम काढलं म्हणून!"

बाईसुद्धा हसल्या. जाताना म्हणाल्या, "काका, तुम्ही नका विकू. मी दुसरी बघीन."

गाडी तयार झाल्याचा फोन आला, तेव्हा तात्यांनी तृप्तीला बरोबर चलतेस का विचारलं. मुक्ता हट्टाने आली. गॅरेजात कादरने जुने सांधे एका डब्यात काढून ठेवले होते. हातात बसतील एवढीशी लोखंडं. तात्यांनी बॉल जॉइंटचा गोळा अंगठ्याने फिरवला, तो वाटीत सुपारीसारखा खुळखुळला.

"आता डिझेल नाय," कादरने बजावलं. "मारलंत तर मीच तुमची किल्ली काढून घेईन."

तात्या बसले, मुक्ता मागे, तृप्ती शेजारी. गाडी गॅरेजातून रस्त्याला लागली आणि लगेच लचकली. उजवीकडे, मग डावीकडे. तृप्तीचा हात दांडीकडे गेला. सगळं तर बदललं, मग हे काय?

थोडं पुढे गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. गाडी आता सरळच चालली होती. हात मात्र जुन्या गाडीचे होते. जी ओढ उरलीच नव्हती, तिला ते अजून सावरत होते, आणि तेवढं सावरणं आता गाडीला धक्के देत होतं. तात्या मनातल्या मनात हसले. त्यांनी बोटं सैल केली, मनगटं खाली सोडली, आणि नवशिक्या पोराला सांगायचे तसं स्वतःला सांगितलं, धरू नको, फक्त ठेव. गाडी रुळावरून चालल्यासारखी जाऊ लागली.

द्वारकेचा चौक आला. तीच गर्दी, त्याच रिक्षा, बस पुढे थांबलेली. तात्यांनी ब्रेक दाबला. गाडी जिथल्या तिथे, सरळ उभी राहिली. शेजारच्या रिक्षावाल्याने त्यांच्याकडे बघितलंही नाही, आणि तात्यांना वाटलं, आयुष्यात इतका आदर आपल्याला कुणी दिला नसेल.

त्यांनी तिरक्या नजरेने तृप्तीकडे पाहिलं. ती मान मागे वळवून मुक्ताशी शाळेच्या डब्यावरून भांडत होती. तिचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.

चौक ओलांडून पुढे मोकळी जागा बघून तात्यांनी गाडी कडेला घेतली, ब्रेक लावला आणि किल्ली काढून तिच्यापुढे धरली.

"इथून पुढं तू चालव."

"मी? आत्ता?" तृप्ती घाबरली. "बाबा, तुम्ही तर छान चालवताय."

"म्हणूनच. मी छान चालवतो तोवर मला काही कळत नाही," तात्या म्हणाले. "अधूनमधून तुम्हा दोघांचा हात लागत जाऊ दे हिला. आणि खालून खट वाजलं, तर मला ओरडून सांगत जा. मला ऐकू येत नाही."

ते उतरले, बॉनेटला वळसा घालून शेजारच्या सीटवर येऊन बसले. तृप्तीने सीट पुढे घेतली, आरसा नीट केला, भीतभीत गाडी काढली. वळण तिने जरा जास्तच कापलं. तात्यांचा हात वर गेला आणि त्यांनी दांडी घट्ट धरली.

मागून मुक्ता खिदळली. "आई, बघ ना, आजोबा घाबरले!"

"घाबरलो तर," तात्या म्हणाले, आणि दांडी काही त्यांनी सोडली नाही.